साधी सर्दी की सायनस? शेंबडाचा रंग सोडा, दिवस मोजा

मी ठाण्यात नौपाड्याला मेडिकलच्या काउंटरवर बसतो, पाऊस सुरू झाला की दिवसातून दहा जण तरी येऊन सांगतात, "हिरवा शेंबूड येतोय, घसा पण दुखतोय, सायनस झालाय, ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या." चिठ्ठी नसते, आणि बहुतेक वेळा सायनसचं इन्फेक्शनही नसतं. नुसतं रंगावरून हे कळतच नाही. कळतं ते कशावरून, ते माझ्या वहिनीच्या गेल्या पावसाळ्यातल्या दुखण्यावरून सांगतो, कारण तिने रोजचं सगळं मोबाईलमध्ये लिहून ठेवलं होतं. हे मोठ्या माणसांसाठी आहे हां, लहान पोरांचं गणित जरा वेगळं असतं.

आधी पहिला दिवस ठरवा

ज्या दिवशी घसा खवखवायला लागला किंवा नाक गळायला लागलं तो दिवस एक. वहिनीचा सोमवार. ऐरोलीहून ऑफिसला जाताना लोकलमध्ये भिजली, एसीत बसली (भिजल्याने सर्दी झाली हे तिचं म्हणणं, सर्दी व्हायरसने होते, पण वहिनीशी कोण वाद घालणार), संध्याकाळी घसा खवखवला. मंगळवारी पाण्यासारखं नाक. साध्या सर्दीत क्रम साधारण हाच असतो, आधी घसा, मग नाक, दोन-तीन दिवसांत घसा मागे पडतो आणि नाक चोंदतं. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, नंतर हळूहळू उतार, आणि आठ-दहा दिवसांत बरीचशी गेलेली असते. थोडा खोकला मागे राहतो, त्याचं टेन्शन नको.

मग शेंबूड बघा, पण नीट बघा

गुरुवारी म्हणजे चौथ्या दिवशी वहिनीचा फोन, "भावजी, एकदम हिरवा आलाय, अँटिबायोटिक पाठवा." मी नाही म्हटलं. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा, हिरवा होतो, कारण व्हायरसशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्येच एक हिरवट रंगाचं एन्झाइम असतं. पेशी जितक्या जास्त तितका रंग गडद. बॅक्टेरिया असलाच पाहिजे असं काही नाही. शिवाय सकाळचा पहिला शेंबूड रात्रभर साचून सुकलेला असतो, तो गडदच दिसणार, म्हणून बघायचंच असेल तर दुपारी बघा. रंगापेक्षा तीन गोष्टी जास्त सांगून जातात: घट्ट घाण एकाच नाकपुडीतून जास्त येतेय का, ती दिवसेंदिवस कमी होतेय की वाढतेय, आणि ती मागे घशात उतरतेय का.

घशाचं दुखणं इथेच जोडलेलं आहे. सायनसमधली घाण मागून घशात टपकत राहते, आडवं झाल्यावर जास्त, त्यामुळे सकाळी उठल्यावर घसा सोलल्यासारखा, सारखं खाकरावं लागतं, तोंडाला घाण वास, आणि कोमट पाणी, चहा पोटात गेला की दुपारपर्यंत बरंच हलकं वाटतं. याउलट दिवसभर गिळतानाच जोरात दुखतंय, ताप आहे, जबड्याखाली गाठी दुखतायत, पण नाक गळत नाही आणि खोकलाही नाही, तर ते सायनसचं नाही, घशाचंच इन्फेक्शन असू शकतं, ते डॉक्टरला दाखवा.

चेहरा तपासा

खुर्चीत बसा आणि बुटाची लेस बांधायला वाकतो तसं दहा सेकंद वाका. मग सरळ होऊन अंगठ्याने आधी एका गालाचं हाड दाबा, मग दुसऱ्या, मग भुवयांच्या वर. जोर नका लावू, पिकलेला आंबा चाचपतो तेवढाच. साध्या सर्दीतही कपाळ आणि नाकाच्या मुळाशी जड वाटतं, पण ते दोन्ही बाजूंना सारखं आणि बोथट. एकच गाल ठणकतोय, वाकलं की तिथेच भरून आल्यासारखं होतंय, त्याच बाजूच्या वरच्या दाढा दुखतायत, तर संशय घ्यायला जागा आहे. पण नुसत्या या टेस्टवर विसंबू नका. मायग्रेनलाही वाकल्यावर दुखतं आणि कितीतरी लोक मायग्रेनलाच वर्षानुवर्षे "माझा सायनस" म्हणत असतात. उजेड सहन होत नाही, मळमळतंय, ठोके पडल्यासारखं दुखतंय आणि नाकातून घट्ट काही येतच नाही, तर तो बहुधा सायनस नाही.

आता दिवसांशी जुळवा

वहिनीला शनिवारी, सहाव्या दिवशी बरं वाटलं. नाक मोकळं, घसा गेला, बाजारात जाऊन आली. सोमवारी, आठव्या दिवशी परत ताप, १०१, सकाळी घसा पुन्हा सोललेला, उजवा गाल ठणकायला लागला, पाण्याची बादली उचलायला वाकली की डोळ्याखाली कळ. उजव्या बाजूच्या वरच्या दाढा दुखतात म्हणून ती आधी डेंटिस्टकडे गेली. त्यांनी एकेक दाढ ठोकून बघितली, कीड कुठेच नाही, एक नव्हे तर ओळीने तीन दाढा दुखतायत. गालातल्या सायनसचा तळ या दाढांच्या मुळांना अगदी लागून असतो, म्हणून असं होतं.

बरं वाटून परत बिघडणं, ही पहिली खूण, आणि वहिनीची तीच होती. दुसरी खूण म्हणजे दहा दिवस उलटून गेले तरी काडीचाही उतार नाही. तिसरी, सुरुवातीपासूनच १०२ च्या वर ताप, सोबत घट्ट घाण शेंबूड किंवा चेहऱ्याचं दुखणं, आणि हे सलग तीन-चार दिवस. यातलं एक जरी बसलं तरी बॅक्टेरियाचा संशय खरा धरून डॉक्टरकडे जा. यातलं काहीच नसेल आणि चौथाच दिवस असेल तर शेंबूड कितीही हिरवा असू दे, थांबा.

आणि डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, कपाळावर सूज, मान आखडणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागणं, यातलं काही दिसलं तर दिवस मोजत बसू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

थांबायचं ठरवलं तर

एक कप पाणी उकळून गार करा, त्यात पाव चमचा मीठ घाला आणि नाक धुवायच्या बाटलीने किंवा नेतीच्या भांड्याने धुवा. नळाचं पाणी थेट नाकात अजिबात नाही, फिल्टरचंही उकळूनच, कारण क्वचित का होईना पाण्यातला एक अमिबा नाकातून मेंदूपर्यंत जातो आणि ते जिवावर बेततं. नाक मोकळं करायचे ड्रॉप्स तीन दिवस, फार तर पाच, पुढे घातले की नाक उलट जास्त चोंदतं आणि बाटली सुटत नाही. माझ्याकडे असे गिऱ्हाईक आहेत, दर महिन्याला येतात.

वहिनीला मंगळवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं, टॉर्चने घशात बघितलं तर मागच्या भिंतीवरून पिवळा पट्टा उतरताना दिसला, एक्स-रे काढलाच नाही. अँटिबायोटिक त्यांनी लिहून दिलं ते तेव्हा, नवव्या दिवशी. दोन दिवसांत ताप गेला, मग सकाळचा घसा, आणि बादली उचलताना येणारी कळ सगळ्यात शेवटी.