२५० ओहमचा हेडफोन फोनवर बारीक का वाजतो, आणि ॲम्प कधी घ्यावा

हेडफोनच्या खोक्यावर २५० किंवा ३०० ओहम दिसले की ‘याला ॲम्प लागणारच’ असा सल्ला लगेच मिळतो. दहा-पंधरा हजार खर्च करण्याआधी पाच मिनिटं हिशेब करा. बऱ्याचदा त्याहून फार कमी पैशांत काम भागतं.

१. खोक्यावरचे दोन आकडे वाचा. एक इम्पीडन्स, म्हणजे ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॅट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो. लोक पहिलाच आकडा बघतात, पण दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय काहीच कळत नाही. उदाहरणाला बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेऊ: २५० ओहम, १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. काही कंपन्या १ व्होल्टला किती डेसिबल ते देतात. ते आकडे थेट एकमेकांशी ताडू नका.

२. फोन किती व्होल्ट देतो ते बघा. खरी अडचण इथे आहे. फोनची बॅटरी लहान, आतलं सर्किट त्याहून लहान. पुष्कळ फोनचे जॅक आणि साधे डोंगल, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी खोचून हेडफोन जोडायचे छोटे जोड, जास्तीत जास्त अर्धा ते एक व्होल्ट देतात. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला ओहमने भागलं की वॅट मिळतात. अर्ध्या व्होल्टला ०.२५ भागिले २५०, म्हणजे बरोबर १ मिलिवॅट. म्हणजे आवाज पूर्ण चढवल्यावर या हेडफोनची मजल ९६ डेसिबल. हाच हेडफोन तेवढ्याच सेन्सिटिव्हिटीचा पण ३२ ओहमचा असता, तर त्याच अर्ध्या व्होल्टला जवळपास ८ मिलिवॅट ओढले असते आणि ९ डेसिबल जास्त वाजला असता. जास्त ओहमचा हेडफोन आळशी नसतो. त्याला व्होल्टेज जास्त हवं असतं, करंट मात्र अगदी कमी लागतो.

३. तुम्ही काय ऐकता ते मोजणीत धरा. ९६ डेसिबल ऐकायला भरपूर वाटतं, पण ती कमाल आहे. हल्लीच्या चित्रपटगीतांची सरासरी पातळी कमालीच्या साधारण दहा डेसिबल खाली असते. म्हणजे ८६ च्या आसपास, आणि तेवढा आवाज तासन्‌तास ऐकूही नये. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते. पण विलंबित ख्यालाचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावा. आलापीतला आवाज कमालीच्या २५ डेसिबल खाली गेला, तर कानापर्यंत ७१ च येतात. हेडफोनचे कप मागून उघडे, डोक्यावर पंखा फिरतोय, अशा वेळी तंबोरा विरून जातो. तक्रार खरी असते ती इथे.

४. फोनच्या सेटिंग तपासा. आवाजाची मर्यादा चालू आहे का? गाण्याच्या ॲपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय बंद करून बघा. नुसत्या तिच्यामुळेही आवाज बराच उतरतो. ॲपलचा डोंगल काही अँड्रॉइड फोनवर आपली पूर्ण ताकद देत नाही, हेही लक्षात असू द्या.

५. परीक्षा घ्या. तुमच्या संग्रहातलं सर्वात बारीक वाजणारं ध्वनिमुद्रण शांत खोलीत लावा आणि आवाज हळूहळू वाढवा. कमालीच्या आधीच पुरेसा वाटला, तर काही घेऊ नका. पूर्ण चढवूनही ‘अजून थोडा हवा’ असं वाटलं, तरच पुढे जा.

६. आधी २ व्होल्टचा डोंगल बघा. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल वाढतात. अर्ध्याचे दोन व्होल्ट झाले की १२. आपला डीटी ९९० प्रो मग १०८ पर्यंत जातो आणि तो आलाप ८३ वर येतो. हे डोंगल बोटाएवढे असतात आणि टेबलावरच्या ॲम्पपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. बहुतेकांची खरेदी इथेच संपायला हवी.

टेबलावरचा ॲम्प खरोखर कोणाला लागतो? कमी सेन्सिटिव्हिटीच्या हेडफोनला, मग ओहम कितीही कमी असोत. हायफायमनचा एचई६ फक्त ५० ओहमचा, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५. त्याला १०८ डेसिबल गाठायला सुमारे २८० मिलिवॅट लागतात, म्हणजे पावणेचार व्होल्ट आणि ७५ मिलिअँपिअर. आपल्या २५० ओहमच्या हेडफोनला त्याच आवाजाला ८ मिलिअँपिअर पुरतात. साधा डोंगल एचई६पुढे दमतो, आणि तो केवळ बारीक वाजून थांबत नाही: आवाज चढवला की तबल्यातला बायाँ फाटल्यासारखा येतो. फाटणं ऐकू आलं तर ॲम्प घ्या.

ॲम्प लावल्यावर सूर खुलले, बास भरला असं वाटलं, तर दोन्हीकडचा आवाज सारखा करून पुन्हा ऐका. जरा मोठं वाजणारं नेहमीच जास्त चांगलं वाटतं. एक-दोन डेसिबलचा फरकही पुरतो. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपने हेडफोनच्या कपात माइक धरून अंदाज घेता येतो: दोन्ही वेळा फोन त्याच जागी, तेच गाणं. पातळी जुळवल्यावर फरक उरला नाही, तर ॲम्प परत करा.