कथ्थकचा पहिला तास: फुकट डेमो की थोडे पैसे घेऊन?

नाशिकमध्ये इंदिरानगर किंवा सिडकोत घरच्या हॉलमध्ये कथ्थकचा क्लास सुरू करताना पहिला पेच येतो तो डेमोचा. आमचं मत स्पष्ट आहे: सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी पहिला तास पैसे घेऊनच ठेवा.

फुकट डेमोला नाव दहा जण देतात, पण त्यातले कितीजण येतील याचा भरवसा नसतो. रविवारी पाऊस लागला आणि गंगेला पाणी वाढलं, की सगळं घर दुतोंड्या मारुतीपाशी पूर बघायला जातं. जे येतात त्यांत पाच वर्षांची मुलगी असते आणि बारा वर्षांचीही. मग शिकवणं बाजूला राहतं आणि ताई स्वतःच नाचून दाखवतात. पालक खूश होतात, पण मुलीचे पाय जमिनीवर कसे पडतात हे कुणालाच कळत नाही.

रक्कम ठरवायची ती महिन्याच्या फीवरून. समजा फी १२०० रुपये आणि तास आठ, तर एका तासाचे १५० होतात. तेवढेच घ्या आणि प्रवेश घेतला तर पहिल्या महिन्याला उरलेले १०५०च घ्या. ही वळती व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच लिहून कळवा. नाहीतर दारात "ताई, ते दीडशे धरले ना?" यावरून कटुता येते. मूल रडून आत आलंच नाही, तर पैसे परत करा किंवा दुसरा दिवस द्या.

तास ४५ मिनिटांचा, एका वेळी तीनच मुलं. नमस्कार आणि उभं राहणं झालं की सुमारे २० मिनिटं फक्त तत्कार. आधी बोल तोंडाने, हातावर टाळी देत: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मग पाय: उजवा, डावा, उजवा, डावा, पुढे डावा, उजवा, डावा, उजवा. मुलं अडखळतात ती 'तत्'वरून 'आ'वर जाताना, कारण तिथे डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो. सवयीने उजवा उचलला जातो. ही चूक सांगितल्यावर मूल दोन-तीन आवर्तनांत सावरतंय का, की पाय सुरू झाले की बोल बंद पडतात, हे नीट बघा. बॅच कुठली द्यायची ते यावरूनच ठरतं. घुंगरू पहिल्या दिवशी नकोतच. त्यांच्या आवाजात अर्धवट पडलेला तळवा लपून जातो.

शेवटची दहा मिनिटं पालकांना आत बोलवा आणि मुलीलाच तत्कार करू द्या. "स्टेजवर कधी?" हा प्रश्न येणारच. तेव्हा त्या डाव्या पायाकडे बोट दाखवून, आधी हे न अडखळता सोळा मात्रांत बसायला हवं, असं सांगा.

सहा वर्षांखालच्या मुलांना मात्र पैसे घेऊ नका. त्यांना पंधरा मिनिटं आईसोबत चालू बॅच बघू द्या. एवढ्या लहान वयात मूल रमेल की नाही, हे एका तासात समजत नाही.