संभाजीनगरात नवे आलात? कॉफी मशीन वापरण्याआधी घरात पाणी कुठून येतं ते विचारा

मी मूळचा दापोलीचा. नोकरीमुळे चौदा वर्षांपूर्वी इथे आलो. सामानात एक छोटं एस्प्रेसो मशीन होतं. गावी ते तीन वर्षं बिनतक्रार चाललं होतं आणि आतून कधी साफ करायची वेळच आली नव्हती. इथे पाचव्या महिन्यात त्यानं मान टाकली. पंप जोरात गुरगुरायचा, पण कपात पाण्याची बारीक धार यायची आणि कॉफी कोमट लागायची. मला वाटलं पंप गेला. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "बोरचं पाणी घालता ना, दादा? त्यात डाळ पण शिजत नसती बघा."

निदान बरोबर होतं. बोरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियमचा बराच भाग चुनखडी होऊन बाहेर पडतो आणि तापलेल्या धातूला चिकटतो. गीझरच्या कॉईलवर किंवा चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर दिसतो, तोच मशीनच्या बोटभर रुंदीच्याही नसलेल्या नळ्यांमध्ये बसतो. तिथे तो दिसत नाही, एवढाच फरक. डाळीचंही तसंच आहे. कॅल्शियम डाळीच्या दाण्याला आतून घट्ट करतं, म्हणून ती मऊ होत नाही. कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही तुरीची डाळ दातात येत असेल, तर ते पाणी मशीनच्याही कामाचं नाही असं समजा.

मशीन किती दिवसांनी साफ करायचं, या प्रश्नाला इथे एकच उत्तर नाही. पुस्तिकेत दोन-तीन महिने लिहिलेलं असतं, पण ते सगळ्यांसाठी सरसकट. इथे एकाच घरात तीन पाणी असतात: पैठणच्या नाथसागरातून येणारं आणि काही दिवसांच्या अंतरानं मिळणारं नळाचं, सोसायटीच्या बोरचं, आणि उन्हाळ्यात टँकरचं. टँकर कुठल्या विहिरीवर भरलाय ते टँकरवाल्यालाच ठाऊक. मी एकदा प्रयोगशाळेत तपासून घेतलं, तेव्हा आमच्या बोरच्या पाण्याची कठीणता लिटरला 480 मिलिग्रॅम निघाली, नळाच्या पाण्याची 160. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माणसाला चालणारं पाणी मशीनला चालेलच असं नाही.

आता हिशोब करा. आमच्याकडे दोघांची कॉफी आणि धुवायचं पाणी धरून रोज चारशे मिलिलिटर लागतं, महिन्याला बारा लिटर. बोरचं वापरलं तर त्यातून जवळपास पावणेसहा ग्रॅम क्षार मशीनमधून जातात, नळाचं वापरलं तर दोनहून कमी. सगळे काही आत चिकटत नाहीत, बरेचसे कपात उतरतात. पण प्रमाण तिप्पट आहे, म्हणून बोरच्या पाण्यावर दर महिन्याला साफसफाई आणि नळाच्या पाण्यावर तीन महिन्यांनी, असं मी ठरवलंय. आरओचं पाणी असेल तर सहा महिने निघतात. मात्र काही आरओमध्ये थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते आणि तो नॉब पूर्ण उघडा असेल तर आरओचा उपयोग अर्धाच. हातात टीडीएस मीटर असेल तर एक लक्षात ठेवा: तो सगळे विरघळलेले पदार्थ एकत्र मोजतो. त्यात मीठही आलं, म्हणून त्यावरून चुन्याचा नेमका अंदाज येत नाही.

कॅलेंडरपेक्षा माझा भरवसा एका साध्या मापावर आहे. मशीन स्वच्छ असताना कॉफीचा दांडा न लावता तीस सेकंद पाणी सोडा आणि किती आलं ते मोजून फडताळाच्या आत लिहून ठेवा. माझ्या मशीनचं 210 मिलिलिटर येतं. 160 च्या खाली आलं की मी त्याच रविवारी काम काढतो.

आता व्हिनेगर की लिंबूसत्त्व. चुना विरघळवण्याच्या ताकदीत दोघं जवळजवळ सारखे आहेत. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण चार टक्के आम्ल असतं. त्यात तेवढंच पाणी मिसळलं तर लिटरभर मिश्रण सोळा-सतरा ग्रॅम चुना खातं. पंचवीस ग्रॅम लिंबूसत्त्व लिटरभर पाण्यात घातलं तर साधारण अठरा-एकोणीस ग्रॅम. फरक वासात आहे. व्हिनेगर रबराच्या वॉशरमध्ये आणि नळ्यांमध्ये मुरतो. आमच्याकडे एकदा चार दिवस कॉफीला लोणच्याच्या बरणीचा वास येत होता. म्हणून माझं मत लिंबूसत्त्वाकडे. किराणा दुकानात सुटं मिळतं, पण तुरटीही पांढऱ्या खड्यांचीच असते, त्यामुळे नाव छापलेलं बंद पाकीटच घ्या.

लिंबूसत्त्वाची एक खोड मात्र मला महागात पडली. पहिल्या वेळी मी उकळत्या पाण्यात शंभर ग्रॅम टाकून टाकी भरली आणि मशीन रात्रभर तसंच ठेवलं. जास्त घातलं की जास्त साफ होईल, हा आपला सरळ हिशोब. सकाळी धारच बंद. चुना आणि लिंबूसत्त्व मिळून कॅल्शियम सायट्रेट तयार होतं. ते फारसं विरघळत नाही आणि पाणी जितकं गरम तितकं कमी विरघळतं. चुनखडी गेली आणि तिच्या जागी पांढरा लगदा बसला, शेवटी मेकॅनिकला मशीन उघडावं लागलं. व्हिनेगरचं असं होत नाही, त्याचा क्षार पाण्यात सहज विरघळतो. म्हणून इलेक्ट्रिक किटलीत वर्षानुवर्षांचा जाड थर असेल तर तिथे मी व्हिनेगरच घालतो. किटलीचा वास दोन उकळ्यांत जातो.

तर पद्धत अशी. लिटरभर कोमट पाण्यात पंचवीस ग्रॅम लिंबूसत्त्व पूर्ण विरघळवा. वजनकाटा नसेल तर दोन सपाट मोठे चमचे. टाकीत पाण्याचा फिल्टर असेल तर आधी काढा. दांड्याच्या जागी असलेली बारीक जाळी स्क्रू काढून वेगळी करा, नाहीतर सुटलेल्या खपल्या तिथेच अडकतात. साधारण शंभर मिलिलिटर द्रावण खालून सोडा, थोडं वाफेच्या नळीतून काढा, मग मशीन बंद करून पंधरा मिनिटं थांबा. बंद ठेवायचं ते एवढ्यासाठी की आतलं द्रावण निवावं. असं करत टाकी संपवा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पाणी गढूळ येतं, त्यात पांढरी वाळू दिसते. पाणी निळसर-हिरवं आलं तर आम्ल तांब्या-पितळेला लागलंय, तिथेच थांबून धुवायला घ्या. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी पुस्तिका वाचा. काही कंपन्या फक्त स्वतःचंच द्रावण वापरायला सांगतात आणि वॉरंटी त्यावर अडते.

नंतर साध्या पाण्याच्या दोन भरलेल्या टाक्या आतून जाऊ द्या. शेवटचा थेंब जिभेवर ठेवून बघा, आंबट लागला तर तिसरी टाकी. मग पुन्हा तीस सेकंदांचं माप घ्या. माझं गेल्या वेळी 150 वरून 205 वर आलं. उरलेले पाच मिलिलिटर जाळीच्या भोकांत होते. ती वाटीभर त्याच द्रावणात अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशनं घासल्यावर 210 भरले.

मे महिन्यात टँकर सुरू झाला की माझा लिहिलेला हिशोब बाजूला पडतो. तेव्हा दर रविवारी मोजतो.