पेमेंटची तारीख बदलल्याचा संदेश तपासताना

सांगलीतील डिलिव्हरी करणाऱ्यांसाठीच्या मसुद्यात ‘यापुढे पेमेंट पंधरवड्याने होईल, किमान ५०० रुपये काढता येतील’ एवढेच असेल, तर तो अपुरा आहे. दुसऱ्या भागाचा अर्थ ‘५०० तरी नक्की मिळतील’ असाही लागतो, म्हणून तेथे ‘शिल्लक ५०० होईपर्यंत रक्कम काढता येणार नाही’ असे लिहावे.

पहिल्या भागात मधले दिवस स्पष्ट करावेत: ‘२९ मार्चपर्यंतच्या कामाचे पैसे ३० मार्चला, तर ३० मार्च ते १२ एप्रिलच्या कामाचे १५ एप्रिलला जमा होतील.’ पेट्रोल आणि गाडीचा हप्ता या दोन जमा तारखांमधल्या सोळा दिवसांत भागवायचा असल्याने हे वाक्य सर्वांत वर हवे.

विश्रामबागेतील एखाद्याची शिल्लक ३४० रुपये असेल, तर ती बुडणार की पुढे जाणार, आणि काम सोडल्यास मिळणार का, हे हिशेब विभागाकडून लेखी घेऊनच संदेशात घालावे.