पारा सातवर, तरी पानांवर बर्फ : महाबळेश्वरकडच्या कुंड्यांसाठी थंडीचा सल्ला

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वेण्णा तलावाच्या काठावर, लिंगमळ्याच्या उतारावर एखाद्या पहाटे गाड्यांच्या टपांवर आणि गवतावर हिमकण साचतात. त्याच रात्री गावातला पारा सहा-सात अंशांवर असतो. रोपवाटिकावाले आणि बंगल्यांचे माळी नेमके इथेच फसतात. 'सात अंश म्हणजे बर्फ कसला पडतोय' असं म्हणून कुंड्या उघड्यावर राहतात आणि सकाळी जास्वंदीची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबताना दिसतात.

हा फरक का पडतो, ते आधी समजून घ्या. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो, पानाचं नाही. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन आणि पानं आपली ऊब थेट वर, उघड्या आभाळाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. अशा रात्री गवताच्या पात्याजवळ चार-पाच अंश कमी भरणं नेहमीचंच. त्यात गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. वेण्णा तलाव हा तसाच खोलगट भाग आहे, म्हणून बर्फ तिथे आधी दिसतो आणि वरच्या बाजारपेठेत क्वचितच.

यावरून धोक्याची रात्र ओळखता येते. दोन-तीन दिवस ढग राहून आभाळ मोकळं झालं, दिवसभर कोरडा वारा वाहिला आणि संध्याकाळी तो अचानक थांबला, तर त्या रात्री सावध राहा. सात-साडेसातला तारे लख्ख दिसत असतील आणि चुलीचा धूर सरळ वर जात असेल, तर झाकण्याची तयारी आधीच झालेली हवी. उलट ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री कितीही कुडकुडायला झालं तरी हिमकण सहसा पडत नाहीत. ढग पांघरुणासारखे वर असतात, आणि वारा वरची उबदार हवा खाली मिसळत राहतो. त्या रात्री सगळ्या कुंड्या झाकण्यात घाम गाळू नका. आपल्या अंगणाचा अंदाज हवा असेल, तर साधा तापमापक कुंडीच्या उंचीवर उघड्यावर टांगा आणि पहाटे सहाला बघा. चार-पाच रात्रींत कळतं की गावच्या आकड्यापेक्षा आपलं अंगण किती खाली जातं. मग तो फरक वजा करूनच अंदाज वाचायचा.

आता जागा. झाकण्याआधी कुंडी कुठे ठेवता याने निम्मं काम होतं. लिंगमळ्याकडच्या उतारावर एका बंगल्याची बाग मी दर हिवाळ्यात पाहतो. तिथे वीस-बावीस कुंड्या अंगणाच्या खालच्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीला लागून मांडलेल्या होत्या. माळीकाकांचा हिशेब असा, की भिंतीचा आडोसा मिळतो. वाऱ्यासाठी तो हिशेब बरोबर होता. पण उतारावरून येणाऱ्या गार हवेला त्या भिंतीने बांधासारखं अडवलं आणि कुंड्या त्या हवेच्या डबक्यात उभ्या राहिल्या. पहिल्याच कडक रात्री क्रोटन आणि जास्वंद गेली. गंमत म्हणजे वरच्या पायरीवर विसरून राहिलेली मनी प्लांटची कुंडी जशीच्या तशी होती. तिच्यावर छज्जा होता, म्हणजे तिला आभाळ दिसतच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्या कुंड्या घराच्या पश्चिमेकडच्या जांभ्याच्या भिंतीला, वळचणीखाली हलवल्या. जांभ्याची जाड भिंत दुपारचं ऊन पिऊन घेते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. दक्षिणेची भिंतही चालेल. पूर्वेची टाळावी, कारण गोठलेल्या पानावर सकाळचं कोवळं ऊन थेट पडलं की बर्फ झपाट्याने वितळतो आणि इजा वाढते. कुंड्या भिंतीपासून वीतभर अंतरावर, एकमेकींना चिकटून, नाजूक झाडं आत आणि गुलाब-पॅन्सीसारखी काटक बाहेरच्या रांगेत. हिरवळीवर कुंडी ठेवू नका. गवत जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. उघडी ओलसर माती किंवा फरशी बरी. पडवी, जिना, दाट झाडाची सावली, काहीही चालेल. कसोटी एकच : कुंडीजवळ उकिडवं बसून वर बघा, आभाळ जितकं कमी दिसेल तितकी जागा चांगली.

कुठली झाडं आधी हलवायची? तुळस, क्रोटन, जास्वंद, कढीपत्ता, ॲडेनियम आणि उष्ण प्रदेशातली ऑर्किडं. तुळशीला तर बर्फाचीही गरज नसते. सलग काही रात्री पाच अंशांच्या आसपास गेल्या तरी तिची पानं काळी पडतात. बोगनवेल पानं टाकते, पण मुळापासून सहसा पुन्हा फुटते. गुलाब, पॅन्सी, कॅमेलिया यांची मला फारशी काळजी वाटत नाही.

जी हलवता येत नाहीत, ती झाकायची. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे झाडावर चादर टाकून ती बुंध्याशी सुतळीने आवळणं. दिसायला झाड नीट गुंडाळलेलं दिसतं, पण ऊब खालून, मातीतून आणि फरशीतून येणार असते आणि ती वाट आपणच बंद केलेली असते. पांघरूण तंबूसारखं हवं. कुंडीभोवती झाडापेक्षा वीतभर उंच चार बांबूच्या कामट्या रोवा, वरून कापड सोडा, ते चारी बाजूंनी जमिनीला टेकू द्या आणि कडांवर विटा किंवा दगड ठेवा. कामट्या कुंडीतच रोवल्या तरी चालतं, फक्त मुळं दुखवू नका. एकट्या लहान कुंडीवर उलटी टोपली ठेवून त्यावर गोणपाट टाकलं, तरी काम होतं. वृंदावनातली तुळस हलवायची नसते. तिथे शेजारच्या मावशी चार कामट्यांवर जुनं मऊ लुगडं दुहेरी सोडतात आणि पदर चौथऱ्याच्या खालपर्यंत आणतात. याहून चांगलं पांघरूण मीही सुचवू शकत नाही.

कापड कुठलं? जुनी चादर, लुगडं, गोणपाट उत्तम, पण कोरडं असेल तोवरच. दवाने ओलं होऊन पानांना चिकटलं की त्या जागी पान करपतं. स्ट्रॉबेरीवाले वापरतात तो क्रॉप कव्हरचा पांढरा, न विणलेला कागद हलका असतो, पानांवर भार येत नाही. मात्र बाजारात सहज मिळणारा पातळ, १७ जीएसएमचा एक पदर साधारण अंश-दोन अंशांचाच आधार देतो. कडक रात्री दोन पदर टाका किंवा जाड घ्या. प्लास्टिकचा कागद हा शेवटचा पर्याय. तो ऊब फारशी अडवत नाही, आतून पाणी धरतो, आणि जिथे पानाला टेकतो तिथे पान हमखास जळतं. वापरायचाच असेल तर आत चादर, वर प्लास्टिक आणि दोन्ही पानांपासून लांब. हिरव्या शेडनेटने आभाळ काहीसं झाकलं जातं, एवढाच उपयोग. त्यावर एकट्यावर विसंबू नका.

वेळ चुकली तर चांगलं कापडही वाया जातं. पांघरूण साडेपाच-सहाला, फरशी हाताला कोमट लागते आहे तोवर टाकायचं. रात्री अकराला थंडी वाजली म्हणून उठून झाकलं, तर तोवर ऊब निघून गेलेली असते आणि आपण गारवाच झाकून ठेवतो. सकाळी बर्फ वितळल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमारास, पांघरूण काढायचंच. दिवसभर तसंच राहिलं तर आत दमटपणा साचून करडी बुरशी लागते, आणि प्लास्टिकखाली तर दुपारपर्यंत झाड शिजतं.

पाणी सकाळी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री जास्त परत करते. कोरड्या मातीच्या कुंडीतलं झाड आधी मार खातं. संध्याकाळी पानांवर फवारा मात्र नको. मोठ्या बागांत रात्रभर तुषार सिंचन चालवून पिकं वाचवतात हे खरं आहे, पण तिथे पाणी बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू ठेवावं लागतं. मध्येच वीज गेली तर न केल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. अंगणातल्या कुंड्यांसाठी हा खेळ खेळू नये. पांघरुणाखाली पाण्याने भरलेले दोन-तीन काळे कॅन दिवसा उन्हात तापवून ठेवले, तर थोडी भर पडते.

शेकोटी आणि धूर याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शेतात धूर करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण नुसता धूर जमिनीची ऊब अडवत नाही. फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि अंगणात तो नगण्य असतो. शिवाय क्रॉप कव्हर ठिणगीने क्षणात वितळतं.

कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. हिमालयातल्या उंच भागांत पारा दिवसेंदिवस शून्याखाली राहतो आणि कुंडीतली माती, मुळं गोठतात, तिथे ते लागतं. आपल्याकडे गोठवणारी थंडी पहाटेचे काही तासच टिकते, तेवढ्यात मोठ्या कुंडीची माती गोठत नाही. अपवाद रोपवाटिकेतल्या छोट्या काळ्या पिशव्यांचा. त्या चिकटून मांडा आणि कडेच्या रांगेला बाहेरून मातीचा किंवा वाळक्या पाल्याचा टेकू द्या. डिसेंबरपासून युरिया, शेणस्लरी असं नत्राचं खत थांबवा, कारण त्याने येणारी कोवळी फूट सगळ्यात आधी मरते.

एवढं करूनही एखादी पहाट चुकलीच, तर ऊन यायच्या आत त्या झाडावर सावली धरा. गरम पाणी ओतू नका, हात लावून बर्फ झटकू नका. दुपारपर्यंत पानं काळी आणि पाणचट दिसतील. लगेच कात्री घेऊन बसू नका. मेलेली पानं खालच्या जिवंत डोळ्यांना पांघरूणच ठरतात आणि छाटणीने नवी फूट येऊन ती पुढच्या थंडीत सापडते. फेब्रुवारी सरला की नखाने सालीला जरासा ओरखडा काढा. आत हिरवं असेल तर फांदी ठेवा, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली छाटत या. तोवर पाणी कमी द्या, कारण पानं नसलेलं झाड पाणी पीत नाही आणि ओल्या मातीत मुळं कुजतात.