गल्लीच्या गणपतीचा हिशेब: वर्गणीपासून जमाखर्चाच्या फलकापर्यंत

उत्सवाचे अंदाजपत्रक म्हणजे मागच्या वर्षीच्या खर्चात दहा टक्के वाढवायचे, हा सल्ला दरवर्षी कोणीतरी देतोच. दुसरा सल्ला असतो, आधी काय काय करायचे ते ठरवा, मग प्रत्येक घराचा वाटा काढा. दोन्ही सोडून द्या. वर्गणी कुणावर लादता येत नाही, त्यामुळे भागाकार करून काढलेला वाटा प्रत्यक्षात कधीच पूर्ण येत नाही. सुरुवात करायची ती मागच्या वर्षीच्या पावत्यांच्या स्थळप्रतींपासून.

मंडळाची न्यास म्हणून नोंदणी नसेल, तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची. उत्सवानंतर त्या कार्यालयाला हिशेबही द्यावा लागतो, म्हणजे व्यवस्थित जमाखर्च तुम्हाला ठेवायचाच आहे.

किती पैसे येतील, आणि कधी

समजा गल्लीत ८० घरे आणि १२ दुकाने आहेत. घराची वर्गणी ५०० रुपये, दुकानाची १,०००. मागच्या वर्षी ६४ घरांनी आणि ९ दुकानांनी वर्गणी दिली होती. म्हणजे यंदाची अपेक्षा ३२,००० अधिक ९,०००, एकूण ४१,००० रुपये. त्यात मागची शिल्लक ४,६०० मिळवली की ४५,६०० होतात. आरतीच्या ताटात आणि दक्षिणापेटीत येणारे पैसे यात धरायचे नाहीत. ते येतील तेव्हा जमा होतील.

आता स्थळप्रतींवरच्या तारखा बघा. हे काम बहुतेक मंडळे करतच नाहीत, आणि पैशाची खरी अडचण तिथेच होते. स्थापनेच्या आदल्या दिवसापर्यंत ४१ घरे आणि ५ दुकाने झाली असतील, तर तोवर हातात आलेली रक्कम २५,५०० होती. शिल्लक धरून ३०,१००. यंदा स्थापनेपूर्वी जे पैसे द्यावे लागणार आहेत, ते सगळे एवढ्यात बसले पाहिजेत. उरलेली वर्गणी उत्सव सुरू झाल्यावर येते, म्हणून महाप्रसाद, बक्षिसे आणि विसर्जन हे खर्च तिच्यावर ठेवायचे.

खाती पाडताना मूर्तीला ६,५००, मंडपाला ९,०००, रोषणाई आणि ध्वनिक्षेपकाला ६,०००, परवानगी आणि छपाईला १,०००, पूजासाहित्य, हारफुले आणि गुरुजींच्या दक्षिणेला ५,१००, मुलांच्या बक्षिसांना ३,०००, महाप्रसादाला ९,०००, विसर्जनाला ३,५०० आणि राखीव २,५००. बेरीज बरोबर ४५,६००. यातली पहिली चार खाती आणि पूजेचे सुरुवातीचे २,००० मिळून २४,५०० होतात, ते ३०,१०० च्या आत आहेत. पण उत्साहात कोणी १४,००० चा मंडप ठरवून आला, तर हाच आकडा २९,५०० होतो आणि उत्सव सुरू होताना हातात ६०० रुपये उरतात. मग कार्यकर्ते खिशातून पैसे घालतात, त्याची नोंद होत नाही, आणि विसर्जनानंतर कुणाचे किती देणे आहे यावर वाद होतो. खिशातून घातलेली प्रत्येक रक्कम त्याच दिवशी ‘हातउसने’ म्हणून नावासह लिहा. ती जमाही नाही आणि देणगीही नाही.

एखाद्या खात्यात ठरल्यापेक्षा जास्त खर्च झाला, तर वरची रक्कम फक्त राखीव निधीतून घ्यायची आणि त्यासाठी दोघांच्या सह्या हव्यात. महाप्रसादाच्या खात्याला हात लावू नये. तो खर्च शेवटी येतो, म्हणून त्याचे पैसे मोकळे पडलेले दिसतात.

पावती पुस्तके

क्रमांक छापलेली, स्थळप्रत असलेली पुस्तके घ्या. कोणाला कोणत्या क्रमांकापासून कुठपर्यंतचे पुस्तक दिले ते सहीनिशी नोंदवा आणि कोरे राहिलेले पुस्तकही परत घ्या. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून ती पुस्तकातच ठेवायची.

मोबाइलवरून आलेल्या पैशासाठी असे एकच बँक खाते ठेवा, ज्यात दुसरा कोणताही व्यवहार होत नाही. पावतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहा.

परस्पर खर्च: हिशेब इथे बिघडतो

हिशेब बिघडण्याचे मुख्य कारण अफरातफर नसते. चांगल्या मनाने केलेली वजावट असते. कार्यकर्ता संध्याकाळी वर्गणी मागून येतो. हातात २,००० रुपये आहेत. वाटेत फुले घ्यायची आठवण होते, त्यातलेच ६०० तो फुलवाल्याला देतो आणि खजिनदाराकडे १,४०० आणून देतो. स्थळप्रती २,००० सांगतात, पेटी १,४०० सांगते, आणि फुलांच्या ६०० चा कागद कुठेच नाही. त्या रात्री सगळ्यांना सगळे आठवत असते. दहा दिवसांत असे सात-आठ प्रसंग झाले की कुणालाच काही आठवत नाही, आणि संशय मात्र सगळ्यात जास्त राबणाऱ्यावर येतो.

म्हणून नियम असा आणि त्याला अपवाद नाही: गोळा झालेली वर्गणी पूर्णच्या पूर्ण खजिनदाराकडे जमा होईल, आणि प्रत्येक खर्च खजिनदाराकडून निघेल. किरकोळ खरेदीला उचल द्या, १,००० ते २,००० रुपये, चिठ्ठीवर सही घेऊन. आधीच्या उचलीची बिले आणि उरलेले पैसे आल्याशिवाय पुढची उचल नाही. अध्यक्षांनाही नाही. फुले, दक्षिणा, हातगाडी यांची बिले मिळत नाहीत. तिथे व्हाउचर करा: तारीख, कोणते खाते, रक्कम, कशासाठी आणि पैसे घेणाऱ्याची सही. त्याने सही केली नाही, तर सोबत असलेल्या दोघांच्या सह्या चालतील.

वजावटीचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. मंडपवाला म्हणतो, बिल नऊ हजारांचे आहे, पण एक हजार माझी वर्गणी धरा, आठच द्या. वहीत सरळ ८,००० लिहिले जातात. शेजारच्या काकू महाप्रसादासाठी वीस किलो साखर आणि दोन किलो तूप देतात. ते तर वहीत येतच नाही, कारण ‘पैसे कुठे आले?’ दोन्ही ठिकाणी हिशेब खोटा ठरतो. पुढच्या वर्षीची समिती वही उघडते, मंडप आठ हजारांत झाला असे वाचते आणि तेवढेच ठेवते. महाप्रसादाचे आकडेही तसेच कमी दिसतात. त्या वर्षी काकूंना जमले नाही, तर आयत्या वेळी साखर-तूप विकत आणावे लागते आणि त्यासाठी पैसेच ठेवलेले नसतात.

यावर उपाय एकच: दोन्ही बाजूंना लिहा. मंडपवाल्याला १,००० ची पावती फाडा, जमेला १,००० आणि मंडपाच्या खर्चाला पूर्ण ९,००० लिहा. साखर-तुपाची ‘वस्तुरूप’ पावती करा, त्यावर वजन लिहा आणि गल्लीतल्या किराणा दुकानाच्या त्या दिवशीच्या भावाने किंमत धरा. तीच रक्कम जमेला आणि तीच महाप्रसादाच्या खर्चाला. शिल्लक एका रुपयानेही बदलत नाही, पण त्या खात्याचा खरा खर्च कळतो आणि देणाऱ्याचे नाव वहीत राहते. ‘एवढ्यासाठी कशाला पावती’ असे देणाराच म्हणेल. तरीही फाडा.

रात्रीची दहा मिनिटे

आरतीनंतर रोज एक ताळा करायचा. आरंभीची शिल्लक अधिक आजवरच्या पावत्या, वजा आजवरचा खर्च. उत्तर जे येईल तेवढे पैसे पेटी, बँक खाते आणि लोकांकडची उचल मिळून असायला हवेत. हातउसने घेतले असतील आणि अजून फेडलेले नसतील, तर ती रक्कम उत्तरात मिळवा.

समजा तिसऱ्या दिवशी शिल्लक ४,६०० आणि पावत्या २८,००० मिळून ३२,६०० होतात. खर्च २३,८५०. म्हणजे ८,७५० हवेत. पेटीत २,०५०, खात्यात ५,२००, उचल १,०००, एकूण ८,२५०. पाचशे कमी. बरोबर एका घराच्या वर्गणीएवढा फरक आला, तर आधी पावत्या तपासा. बहुधा एकाच घराची पावती दोनदा फाटलेली असते, एकदा मोबाइलवर पैसे आले तेव्हा आणि एकदा दारात. व्यवहार क्रमांकाचे चार अंक इथे कामाला येतात. पाचशे जास्त निघाले, तर पैसे आले आहेत आणि पावती राहिली आहे. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी अंक उलटे पडलेत का बघा. ५४० चे ४५० लिहिले की फरक ९० चा येतो.

फरक सापडला नाही, तर तो ‘न जुळलेली रक्कम’ म्हणून तसाच लिहून ठेवा. खिशातून पाचशे घालून ताळा जुळवणे ही सगळ्यात वाईट सवय आहे. दुसऱ्या दिवशी खरी चूक सापडते आणि मग पाचशे जास्त होतात.

फलकावर काय लावायचे

मंडपाशेजारच्या फलकावर दर दोन दिवसांनी दोन कागद लावा. पहिल्यावर प्रत्येक खात्यासमोर ठरलेली रक्कम, झालेला खर्च, बिलांचे क्रमांक आणि उरलेली रक्कम. ‘इतर खर्च’ नावाचे खाते ठेवूच नका. लोकांना शंका असतात त्या नेमक्या त्याच ओळीबद्दल. दुसऱ्या कागदावर पावती क्रमांक आणि त्यापुढची रक्कम, नावे नाहीत. प्रत्येकजण आपल्या हातातल्या पावतीचा क्रमांक तिथे शोधतो. क्रमांक आणि रक्कम जुळली की त्याचे पैसे वहीत आले हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. आणि क्रमांक सापडला नाही, तर गहाळ झालेल्या स्थळप्रतीचा पत्ता तुम्हाला त्याच दिवशी लागतो. नावांसह रकमा लावणाऱ्या मंडळांचे म्हणणे असते की त्याने वर्गणी वाढते. वाढत असेलही, पण शंभर रुपये देणाऱ्याला आपल्या नावापुढचा आकडा सगळ्या गल्लीला दाखवावा लागतो. हे करू नये.

विसर्जनाच्या दिवशी खर्चाला पाय फुटतात: जादा ढोलवाले, पाण्याच्या बाटल्या, चहा, टेम्पोचा जादा फेरा. त्या दिवशी उचल फक्त एका माणसाकडे द्या, एकूण किती ते आधीच सांगा, आणि बाकी कोणीही ‘मंडळाच्या नावावर’ काही मागवणार नाही हे दुकानदारांनाही कळवा.

दक्षिणापेटी तिघांसमोर उघडा, मोजा आणि त्या रकमेची एकच पावती पुस्तकातून फाडा. मग सगळी पुस्तके परत घ्या, उचली मिटवा, हातउसने फेडा. सात दिवसांत अंतिम जमाखर्च फलकावर लावा. बिलांची फाइल कोणत्या घरी, कोणत्या वेळी बघायला मिळेल तेही त्याच कागदावर खाली लिहा.