चार तासांच्या आतली मॅरेथॉन: किलोमीटरमागे एका सेकंदाचा हिशोब

मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर. त्यामुळे दर किलोमीटरला एक सेकंद जास्त लागला, तर शेवटी 42 सेकंद वाढतात. एवढंच ना, असं वाटेल. पण चार तासांचं लक्ष्य घेऊन बघा.

चार तास म्हणजे 14,400 सेकंद. त्याला 42.195 ने भागलं की 341.27 येतात, म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद आणि वर थोडंसं. बरोबर 5:41 ने धावलात तर वेळ 3:59:48 येते. 5:42 ने धावलात तर 4:00:30. लक्ष्य हुकलं, तेही एका सेकंदाने!

हे झालं सगळीकडे सारखाच एक सेकंद गेला तर. खरी घसरण वाढत जाते. पहिला किलोमीटर 5:41, दुसरा 5:42, तिसरा 5:43 असं चाललं तर 42 व्या किलोमीटरपर्यंत 0 ते 41 ची बेरीज, म्हणजे 861 सेकंद जातात. उरलेल्या 195 मीटरचे आठेक धरले की साडेचौदा मिनिटं. वेळ 4:14:18.

आणखी एक गोम घड्याळात आहे. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात; आपण गर्दीतून वळणं घेत धावतो. घड्याळाने शेवटी 42.5 दाखवले, तर त्यावरचा 5:41 म्हणजे 4:01:32. म्हणून चार तासांसाठी घड्याळावर 5:38 धरा, आणि वेळ रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी ताडून बघा.